नसलेल्या अंगठ्याची कळ येते कुठून?

प्रश्न: बाबांचा उजवा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढून अडीच महिने झाले. जखम भरली. पण रात्री म्हणतात, अंगठा कोणीतरी पिळतंय. अंगठा तर नाहीच! आई म्हणते डोक्यावर परिणाम झाला. शेजारच्या काकी म्हणतात, पाय नीट पुरला नसेल, दिष्ट काढा. हे नेमकं काय आहे?

उत्तर:

डोक्यावर परिणाम झालेला नाही, हे आईंना आजच सांगा. हातपाय काढलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना हे कमीअधिक होतं, फक्त वेड लागलं म्हणतील या भीतीने बरेच जण बोलत नाहीत. माझा डावा पाय २०११ मध्ये गोव्यात साखळी गावच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकखाली गेला, आणि पहिले चार महिने मीही बायकोला सांगितलं नव्हतं. काकींची दिष्ट काढून घ्या हवी तर, मिरच्यांपलीकडे खर्च नाही. माझ्या पायाबद्दलही वाड्यावर हेच बोलत होते.

आता एक करून बघा. कोपराचं आतलं हाड टेबलाच्या कडेला आपटलं की झणका कुठे येतो? करंगळीत. करंगळीला कोणी हातही लावलेला नसतो. तिच्याकडून येणारी नस कोपरापाशी कातडीखालून जाते आणि धक्का तिथे बसतो. पण त्या नसेवरून जे काही वर येईल ते करंगळीचंच, असं मेंदू धरून चालतो. वाटेत कुठे ढवळाढवळ झाली हे त्याला कळत नाही.

बाबांच्या अंगठ्याची नस अशीच पोटरीत कापली गेली आहे. खालचा भाग गेला, वरचा कण्यापर्यंत जिवंत आहे. कापलेलं टोक गप्प बसत नाही. त्याला बारीक तंतू फुटतात, पुढे वाट सापडत नाही म्हणून ते गुंतून गाठ होते. डॉक्टर तिला न्यूरोमा म्हणतात. ही गाठ दाबली की, गारठा लागला की, कधी काहीच कारण नसताना संदेश सोडते. कण्याच्या बाजूला याच नसेच्या पेशींचा एक पुंजका असतो, तोही आपणहून संदेश पाठवू लागतो. २०१४ मध्ये अल्बेनियातल्या डॉक्टरांनी पाय काढलेल्यांच्या कण्याजवळ, त्या पुंजक्यापाशी भुलीचं इंजेक्शन दिलं, तर नसलेल्या पायाचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं. म्हणजे निदान काही जणांत तरी कळीचा उगम मेंदूत नसून खाली असतो.

पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही. मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो, त्यात पायाची जागा पाय गेल्यावरही राहते. आजूबाजूचे भाग त्या जागेत घुसतात आणि जितकी घुसखोरी जास्त तितकं दुखणं जास्त, असं १९९५ च्या सुमारास मांडलं गेलं. २०१३ मध्ये हात गेलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा ज्यांना जास्त दुखतं त्यांच्यात हाताची जागा उलट चांगली शाबूत दिसली. हा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला दोन्ही थोडं थोडं खरं वाटतं, कारण माझी दुखणी दोन जातींची होती.

पहिलं म्हणजे विजेसारखी चमक, स्टंपपासून, म्हणजे पायाच्या उरलेल्या टोकापासून, नसलेल्या टाचेपर्यंत. ती नकली पाय घालून चालतानाच यायची. फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्टंपवर बोटाने हळूहळू टकटक केली. नडगीच्या बाहेरच्या अंगाला, नाण्याएवढ्या एका जागी बोट पडलं आणि मी ओरडलोच, टाचेत खिळा गेल्यासारखं झालं. गाठ तिथे होती आणि सॉकेटची, म्हणजे नकली पायाच्या ज्या खोबणीत स्टंप बसतो तिची, कड नेमकी त्या गाठीवर बसत होती. सॉकेट तेवढ्या जागी आतून पोकळ करून दिल्यावर आठवड्यात ती चमक जवळजवळ गेली.

दुसरं दुखणं तुमच्या बाबांसारखं. संध्याकाळी नकली पाय काढून बसलो की बोटं आत वळलेली आणि उघडताच येत नाहीत, पोटरीत गोळा यावा तशी. त्याला टकटक करून काही सापडलं नाही. तिथे आरशाचा उपयोग झाला. कॅलिफोर्नियातले मूळचे तमिळ असलेले डॉक्टर व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात हे शोधलं. मेंदू बोटांना हुकूम देतो, पण उलट उत्तर येत नाही, म्हणून तो तोच हुकूम आणखी जोराने देत राहतो, असा त्यांचा तर्क. आरशात धडधाकट पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसलं की डोळ्यांकडून ते उत्तर मिळतं.

मी जुन्या कपाटाचा आरसा काढून घेतला. पलंगावर बसायचं, आरसा दोन्ही मांड्यांच्या मध्ये उभा, काच चांगल्या पायाकडे, स्टंप मागे पूर्ण झाकलेला. दोन्ही पायांवर पँट सारखी दुमडायची. मग काचेत बघत दोन्ही पायांची बोटं एकदम, अगदी सावकाश वळवायची आणि उघडायची, नसलेल्या पायाचीही मनातून. रोज पंधरा मिनिटं. पहिले तीन दिवस गरगरलं आणि दुखणं उलट वाढलं. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी बोटं उघडली. रडू आलं, खोटं कशाला सांगू. नंतर गोळा यायचा, पण पाच मिनिटांत सुटायचा.

सगळ्यांना असं होत नाही. पाय गेलेल्यांवरची २००७ ची एक अमेरिकन चाचणी फार गाजली, तीही रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. आरशाच्या गटातल्या सगळ्यांचं दुखणं कमी झालं, पण तो गट होता फक्त सहा जणांचा. पुढच्या अभ्यासांत निकाल संमिश्र आले. म्हणून चार आठवडे नेमाने करा. तोवर काहीच फरक नसेल तर सोडून द्या, बाबांना आणखी दमवू नका.

तुमच्या घरी मात्र मधुमेह आहे, तिथे माझा अनुभव जसाच्या तसा लावू नका. बाबांची डावी टाच आणि बोटं आरसा घेण्याआधी रोज बघा. त्या पायालाही बधिरपणा असेल तर जखम त्यांना कळणार नाही. दुखणं नसलेल्या अंगठ्यात न राहता स्टंपमध्येच ठणकायला लागलं, कातडी लाल किंवा गरम झाली, पाणी आलं, तर सरळ सर्जनकडे जा. गोळ्यांचं विचाराल तर साध्या वेदनाशामकांनी या कळीला सहसा फार फरक पडत नाही. डॉक्टर गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन सुरू करतात, कोणाला लागू पडतं, कोणाला नाही. पहिली दोन औषधं किडनीवाटे बाहेर पडतात, म्हणून बाबांचा क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. वय जास्त असेल तर तिसऱ्याने लघवी अडकू शकते, प्रोस्टेटचा त्रास असल्यास आधीच सांगा.

पुढेमागे बाबा म्हणाले की पाऊल आखडून गुडघ्याला येऊन चिकटलंय, तर घाबरू नका, तेही बऱ्याच जणांना होतं. माझं आता तिथेच असतं. सकाळी नकली पाय चढवला की हळूहळू खाली उतरतं.

जखम पूर्ण भरली आहे असं सर्जनने सांगितलं असेल तर उद्या बाबांना उजेडात बसवून स्टंपवर बोटाने हलकी टकटक करा. एखाद्या जागेवरून अंगठ्यात झणका गेला तर बॉलपेनने खूण करा. ती जागा आणि दुखण्याची वेळ इथे लिहा, म्हणजे आरशापासून सुरुवात करायची की सॉकेट बनवणाऱ्याला आधीच ती खूण दाखवायची, ते बघता येईल.