गुडविल काढताना आधी मालकांचा पगार वजा करा

दोन भागीदारांचं हार्डवेअरचं दुकान धरा. त्यात नवा भागीदार येतोय, म्हणून दुकानाच्या नावलौकिकाची किंमत, म्हणजे गुडविल, ठरवायची आहे. तीन वर्षांचा नफा 4.6, 4.9 आणि 6.5 लाख. शेवटच्या वर्षात जुना टेम्पो विकून मिळालेला 1 लाखाचा नफा आहे; तो पुन्हा येणार नाही, म्हणून वगळा. सरासरी आली 5 लाख. तीन वर्षांच्या खरेदीने, म्हणजे सरासरीच्या तिपटीने, गुडविल 15 लाख. हिशेबात नवखे लोक इथेच थांबतात, आणि नवा भागीदार फसतो.

दोघे भागीदार दिवसभर गल्ल्यावर असतात, पण पगार घेत नाहीत. त्यांच्या जागी माणसं ठेवली तर वर्षाला 3 लाख जातील. म्हणजे खरा नफा 2 लाख, आणि सरासरी पद्धतीनेही गुडविल 6 लाखच.

आता सुपर प्रॉफिट, म्हणजे सामान्य परताव्याच्या वरचा नफा, पाहा. धंद्यात 10 लाख भांडवल गुंतलंय. अशा दुकानात 12 टक्के परतावा सामान्य मानला, तर 1.2 लाख भांडवलाचेच. उरलेले 80 हजार नावलौकिकाचे; तीनपट केले की 2.4 लाख.

मालात मोठं भांडवल अडकलेल्या दुकानाला मी ही सुपर प्रॉफिटचीच पद्धत लावतो. मात्र 12 चे 15 टक्के धरले तर गुडविल दीड लाखावर येतं, म्हणून हा दर करारात आधीच लिहून घ्या.