हिस्टॉलॉजीच्या स्पॉटिंगला फंडस आणि पायलोरसच्या स्लाइडमध्ये दरवेळी गोंधळ होतो. नक्की कुठल्या पेशी बघायच्या?

पेशी नंतर. आधी लो पॉवरवर पिट किती खोल आहेत ते बघा. फंडसमध्ये ते उथळ, म्युकोसाच्या जाडीच्या साधारण पाव भागापर्यंत, आणि खाली लांब, सरळ ग्रंथी. पायलोरसमध्ये पिट निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली जातात, आणि ग्रंथी आखूड, वेटोळ्या. म्हणून कापात त्यांचे गोल गोल तुकडे दिसतात.

"एक पराएटल सेल दिसली की फंडस" हे तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर विसरा. कोल्हापुरात सेकंड टर्मच्या प्रॅक्टिकलला मी पायलोरस लिहिलं. परीक्षकांनी पॉइंटर एका पेशीवर आणला. टपोरी, गडद गुलाबी, मधोमध गोल न्यूक्लियस. पराएटलच होती, वाद नाही. मी म्हटलं, "सर, पिट अर्ध्याच्या खाली गेलेत आणि तळाला एकही चीफ सेल नाही." ते म्हणाले, "ही पेशी काय पाहुणी आलीय?" मार्क गेले ते गेलेच. वर रूममेटने मेसवर सगळ्यांसमोर सरांचीच री ओढली, आणि आजही भेटला की तेच सुरू करतो.

तर त्याच्यासाठीही लिहितो. पायलोरसमध्ये तुरळक पराएटल पेशी असू शकतात, बॉडीकडच्या सीमेवर तर जास्तच. फंडस म्हणायला त्यांची गर्दी लागते, ग्रंथीच्या वरच्या निम्म्यात, आणि तळाला जांभळट चीफ सेलची रांग. ॲसिड आणि इंट्रिन्सिक फॅक्टर पराएटलचं, पेप्सिनोजेन चीफचं. पायलोरसच्या ग्रंथीत बहुतेक सगळ्या म्युकस पेशी: फिकट, फेसाळ, न्यूक्लियस तळाला चपटा दाबलेला. गॅस्ट्रिन सोडणाऱ्या जी सेल तिथेच असतात, पण एच अँड ई वर त्या खात्रीने ओळखता येत नाहीत, परीक्षेत शोधत बसू नका. पृष्ठभागावरच्या म्युकस पेशी दोन्हीकडे सारख्याच, त्यांच्यावरून काहीच ठरत नाही.

हां, काप तिरका गेला असेल तर पिटची खोली फसवते. म्युकोसा वरपासून मस्क्युलॅरिस म्युकोसीपर्यंत सलग उभी दिसते तिथेच मोजा. आणि ग्रंथी मस्क्युलॅरिस म्युकोसीच्या खाली, सबम्युकोसात उतरलेल्या दिसल्या तर त्या ब्रुनरच्या, म्हणजे तुम्ही ड्युओडेनममध्ये पोचलात. हे सगळं नॉर्मल स्लाइडचं. जुनाट गॅस्ट्रायटिसमध्ये फंडसच्या ग्रंथीही पायलोरससारख्या दिसू लागतात, तिथे बायोप्सी कुठून घेतली ते विचारल्याशिवाय बोलू नये.

रूममेट आता राजारामपुरीत प्रॅक्टिस करतो. त्याने एवढंच सांगावं: त्या स्लाइडवर चीफ सेल कुठे होती?