पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, तर संसर्गाची शक्यता किती?

प्रश्न: मित्राची एचआयव्हीची पहिली रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. किट ९९ टक्के अचूक आहे म्हणतात. मग त्याला संसर्ग असण्याची शक्यता ९९ टक्के धरायची का? बेझचा नियम यात नेमका कुठे लागतो?

नाही. त्याच्यात संसर्गाची काही लक्षणं नसतील आणि धोक्याचा विशेष प्रसंगही घडला नसेल, तर ही शक्यता २० टक्क्यांच्याही खाली असू शकते. किटवरचा आकडा एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि तुम्ही विचारताय दुसराच प्रश्न.

किट सांगतं ते असं: संसर्ग असेल, तर चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता किती (संवेदनशीलता), आणि संसर्ग नसेल, तर निगेटिव्ह येण्याची शक्यता किती (विशिष्टता). तुम्हाला हवंय ते उलटं आहे: चाचणी पॉझिटिव्ह आलीच आहे, तर संसर्ग असण्याची शक्यता किती? दोन्ही सशर्त संभाव्यताच आहेत, पण अट आणि निष्कर्ष यांची अदलाबदल झाली आहे. एकीवरून दुसरी काढायची, तर चाचणीआधी संसर्गाची शक्यता किती होती हे माहीत असावं लागतं. बेझचा नियम लागतो तो इथे.

टक्केवारी बाजूला ठेवून माणसं मोजा, हिशोब सोपा होतो. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. म्हणजे १,००,००० जणांत २०० बाधित आणि ९९,८०० निरोगी. उदाहरणापुरती संवेदनशीलता ९९.५ टक्के आणि विशिष्टता ९९ टक्के धरू. २०० बाधितांपैकी १९९ जण पॉझिटिव्ह येतील. ९९,८०० निरोगी लोकांपैकी १ टक्का, म्हणजे ९९८ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ११९७, त्यांत खरे १९९. भागाकार केला की साधारण १६.६ टक्के येतात, म्हणजे सहांत एक. चाचणी वाईट आहे असं मुळीच नाही. निरोगी लोकांची संख्या इतकी मोठी आहे, की तिचा एक टक्कासुद्धा सगळ्या बाधितांपेक्षा पाचपट भरतो.

हाच हिशोब सूत्रात असा दिसतो (I म्हणजे संसर्ग):

```
P(I|+) = P(+|I)·P(I) / [P(+|I)·P(I) + P(+|not I)·P(not I)]
       = 0.995×0.002 / (0.995×0.002 + 0.01×0.998) ≈ 0.166
```

पुढच्या चाचण्यांसाठी मला गुणोत्तराची पद्धत जास्त सोयीची वाटते. सुरुवातीचं गुणोत्तर बाधित : निरोगी = १ : ४९९. प्रत्येक पॉझिटिव्ह निकाल त्याला ०.९९५ ÷ ०.०१, म्हणजे ९९.५ ने गुणतो. पहिल्या चाचणीनंतर ते जवळपास १ : ५ होतं. तितकीच चांगली दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर साधारण २० : १, म्हणजे ९५ टक्के. तिसरीनंतर जवळपास २००० : १. म्हणूनच नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या पद्धतीत लक्षणं नसलेल्या व्यक्तीला पहिल्याच निकालावर पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आल्या, तरच तसा रिपोर्ट देतात.

यातला ‘वेगवेगळ्या’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ९९.५ ने पुन्हा गुणायचं, तर दुसऱ्या चाचणीची चूक पहिलीच्या चुकीवर अवलंबून असता कामा नये. एखाद्याच्या रक्तातली दुसरीच अँटिबॉडी किटमधल्या अँटिजेनला चिकटत असेल, तर तेच किट पुन्हा वापरल्यावर ती पुन्हा चिकटेल आणि तोच चुकीचा निकाल येईल. दोनदा पॉझिटिव्ह दिसलं, तरी माहितीत जवळपास काहीच भर पडली नाही. म्हणून पुढच्या चाचण्यांचा अँटिजेन किंवा तत्त्व वेगळं असावं लागतं. मित्राला केंद्रावर हेच विचारायला सांगा: दुसरी चाचणी वेगळ्या किटवर झाली का?

आता सुरुवातीच्या आकड्याबद्दल. ०.२ टक्के ही देशाची सरासरी आहे, तुमच्या मित्राची शक्यता नव्हे. ज्याचा जोडीदार बाधित आहे, त्याची चाचणीआधीची शक्यता समजा १० टक्के धरली, तर गुणोत्तर १ : ९ पासून सुरू होतं आणि एकाच पॉझिटिव्ह निकालानंतर ११ : १ होतं, म्हणजे जवळपास ९२ टक्के. किट तेच, निकाल तोच, अर्थ मात्र पार वेगळा. समुपदेशक चाचणीआधी खाजगी प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं खरी द्यावीत. निकालाचा अर्थ लावताना ती लागतात.

निगेटिव्ह निकालाचं गणित वरच्या उदाहरणात फार दिलासा देतं: ९८,८०३ निगेटिव्ह लोकांत बाधित फक्त १. पण यात ९९.५ टक्के संवेदनशीलता गृहीत धरली आहे, आणि संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ती लागू होत नाही, कारण चाचणी ज्या अँटिबॉडी शोधते त्या शरीरात तयारच झालेल्या नसतात. त्यामुळे धोक्याचा प्रसंग अलीकडचा असेल, तर निगेटिव्ह आल्यावरही तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा चाचणी करावी लागते.