मार्क कामाला, की उपकाराला?

"मॅडम, माझ्या शिफ्टमधला सगळ्यात कामाचा पोरगा कागदावर लाल रंगात येतोय. खरं लिहिलं तर त्याची पगारवाढ जाते, वाढवून लिहिलं तर मलाच झोप लागत नाही. सहीला पंधरा दिवस उरलेत. काय करू?"

भिवंडीजवळच्या माणकोलीपासून पडघ्यापर्यंतच्या गोदामांतून समुपदेशक म्हणून मला हे दर सहामाहीला ऐकू येतं. बोलणारा बहुतेक वेळा शिफ्ट सुपरवायझर असतो. काही वर्षांपूर्वी तोही स्कॅनर हातात घेऊन रॅकमध्ये फिरलेला असतो आणि आता त्यालाच चौदा-पंधरा जणांचे मार्क भरायचे असतात. इथे सांगते ती गोष्ट अशाच एका सुपरवायझरची. चार भेटींतलं बोलणं मी थोडक्यात देते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या पोराच्या सहामाही मूल्यमापनाच्या कागदावर चार रकाने होते: माल उचलण्यातली अचूकता, वेग, सुरक्षेच्या सवयी आणि गैरहजर सहकाऱ्याच्या जागी काम करण्याची तयारी. प्रत्येकाला पाचपैकी मार्क. पेन्सिलीने भरलेले आकडे त्याने मला दाखवले. अचूकता दोन, वेग दोन, सुरक्षा पाच, तयारी पाच.

"पहिले दोन कॉम्प्युटरने दिलेत, मॅडम. शेवटचे दोन मी."

मी विचारलं, "या पोराचं सहा महिन्यांतलं सगळं काम एकाच भागातलं आहे का?"

"छे. जुलैत शहापूर-मुरबाडची पोरं भाताच्या आवणीला गावी जातात. मग गणपती. तेव्हा वरच्या मजल्यावर हाच असतो. कधी नाही म्हणत नाही."

उत्तराची सुरुवात इथेच होती, पण त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी त्याला पुढच्या भेटीला त्या पोराच्या पाळ्या भागवार मोजून आणायला सांगितलं. कॉम्प्युटरवर ती नोंद असतेच. कोणी उघडून बघत नाही.

त्याने आणलेला हिशेब असा होता. सहा महिन्यांत 150 पाळ्या. त्यांतल्या 110 खालच्या भागात, म्हणजे पोराच्या नेहमीच्या जागी. तिथे माल कंबरेच्या उंचीवर असतो, चालणं कमी, वेग तासाला 64 लाइन. (ऑर्डरमधल्या एका वस्तूची एक ओळ म्हणजे एक लाइन.) उरलेल्या 40 पाळ्या वरच्या मजल्यावर. तिथे सुटा माल, बारीक डबे, लांब गल्ल्या, आणि वेग तासाला 38. सगळ्याची सरासरी 57 येते. कंपनीचं लक्ष्य 60. म्हणून लाल.

"आता वरच्या मजल्यावर रोज काम करणारे किती काढतात?" मी विचारलं.

त्याने कागद उलटला. "42."

"आणि खाली रोजचे?"

"60 च्या आसपास."

मी त्यालाच बेरीज करायला लावली. 110 पाळ्या 60 ने आणि 40 पाळ्या 42 ने धरल्या तर साधारण चांगल्या माणसाची सरासरी 55 येते. हा 57 वर होता, म्हणजे अपेक्षेच्या वर. तो कॅल्क्युलेटरकडे बघतच राहिला. परक्या जागी जाऊन मदत केली, म्हणूनच कागदाने पोराला हळू ठरवलं होतं. चौथ्या रकान्यात ज्याला पाच मार्क, त्याचीच शिक्षा दुसऱ्या रकान्यात. चार रकाने वेगवेगळे छापलेले असतात, पण गोदामात ते एकमेकांत गुंतलेले असतात. ही गाठ मी आजवर बऱ्याच कागदांवर पाहिली आहे आणि आता ती मला लांबूनच दिसते. म्हणून माझं सुपरवायझरना सांगणं असतं की वेगाची तुलना त्याच जागेवरच्या माणसांशी करा, आख्ख्या गोदामाच्या एका लक्ष्याशी नको. माल वेळेवर खाली उतरवून मिळाला नाही म्हणून माणूस माल ठेवायच्या रिकाम्या खणासमोर, म्हणजे बिनसमोर, उभा राहिला असेल, तर तो वेळही वेगळा काढा.

अचूकतेचं कोडं जरा वेगळं निघालं. पॅकिंग टेबलावर पकडलेल्या चुकांच्या 70 नोंदी त्याच्या नावावर होत्या. त्यांतल्या 43 वरच्या मजल्याच्या. मी म्हटलं, "या 43 चुका कुठल्या बिनमध्ये झाल्या ते बघा." 25 चुका तीनच बिनमध्ये सापडल्या, आणि त्याच तीन बिनमध्ये वरच्या मजल्याची रोजची माणसंही चुकत होती. दोन बिनमध्ये एकाच रंगाच्या लहान-मोठ्या बाटल्या शेजारीशेजारी ठेवलेल्या. तिसऱ्यात बारा नगांचा खोका आणि सुटा नग एकत्र, त्यामुळे "1" म्हणजे खोका की नग, हे स्कॅनरच्या पडद्यावरून कळायचंच नाही. शिवाय त्यांच्याकडे स्कॅनर फक्त बिनचं लेबल वाचतो, वस्तूचं नाही. माल लावणाऱ्याने चुकीच्या जागी माल ठेवला, तरी चूक उचलणाऱ्याच्या नावावर पडते.

चूक कोणाची हे ओळखायची माझी साधी खूण आहे. एकाच बिनमध्ये वेगवेगळी माणसं चुकत असतील तर दोष बिनचा. एकच माणूस वेगवेगळ्या बिनमध्ये चुकत असेल तर सवय त्या माणसाची. त्या 25 बाजूला काढल्यावर उरलेल्या 45 मात्र पोराच्याच होत्या. त्यांतल्या बऱ्याच पाळीच्या शेवटच्या तासातल्या, एक नग कमी किंवा जास्त. सुपरवायझर त्याही सोडून द्यायला निघाला होता. मी नको म्हटलं. अचूकतेचे दोनाचे तीन झाले, चार नाही.

तिसऱ्या भेटीत तो हलका होऊन आला. आकडे जुळले होते आणि त्याच्या लेखी विषय मिटला होता. मला मात्र सुरक्षेचे ते पाच मार्क खुपत होते.

"हे पाच कशावरून?"

"सहा महिन्यांत एक अपघात नाही, मॅडम."

"अपघात नाही, हे झालं. तो काम कसं करतो ते सांगा. गल्लीच्या तोंडाशी थांबून बघतो? उचललेल्या मालाखालून जातो का? हँड पॅलेट ट्रक सोडताना त्याचे काटे खाली टेकवतो? दुसऱ्या कप्प्यावरचा खोका काढताना काय करतो?"

पहिल्या तिन्हींना त्याने पटापट उत्तरं दिली. चौथ्याला गप्प बसला. बराच वेळ. मी मध्ये बोलले नाही. अशा शांततेत घाई केली की हातात आलेलं निसटतं, हे मी नवखी असताना शिकले.

"रॅकच्या खालच्या बीमवर पाय देऊन चढतो," तो शेवटी म्हणाला. "शिडी आणत नाही. वरच्या मजल्यावर असला की हमखास."

"तुम्ही पाहिलंय?"

"खूपदा."

"आणि बोललात?"

"कसं बोलू? माणूस नसतो तेव्हा फोन केला की हा पोरगा धावत येतो. दोनदा सुट्टी मोडून आलाय. माझी शिफ्ट यानेच वाचवली. त्याला कुठल्या तोंडाने सांगू, तुझं चुकतंय?"

मी विचारलं, "दादा, मग हे पाच मार्क सुरक्षेचे आहेत, की तुम्ही त्याचे उपकार फेडताय?"

त्याचे डोळे भरून आले. त्याने नजर खाली केली आणि मान हलवली. झोप का लागत नव्हती ते त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळलं. लाल आकड्यांचा त्रास त्याला होताच. पण पोरगा बीमवर चढतो आणि आपण बघून न बघितल्यासारखं करतो, हे त्याला आतून खात होतं. पाय घसरला तर खाली काँक्रीट आहे. अशा पडण्याने मनगट मोडतं, कधी पाठ कायमची जाते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारातला एक धागा मी माझ्या कामात घट्ट धरून ठेवला आहे: एकेका कृतीचं मोजमाप करा, आख्ख्या माणसाला मार्क देऊ नका. हा सुपरवायझर चारही रकान्यांत एकच प्रश्न सोडवत होता, "पोरगा चांगला की वाईट?" चांगला ठरवल्यावर बीमवरचा पाय त्याला लिहिता येईना. प्रश्न सुटा केल्यावर लिहिता आला. वेग चार. सुरक्षा दोन, आणि शेऱ्यात पाहिलेली कृती जशीच्या तशी: "दुसऱ्या कप्प्यासाठी बीमवर चढतो, शिडी वापरत नाही. गल्लीत आणि पॅलेट ट्रकवर काळजी घेतो." अपघात झाला नाही हा कधीकधी नशिबाचा भाग असतो, म्हणून मार्क डोळ्यांनी पाहिलेल्या सवयीला द्यावेत. दिवस आधी न सांगता दहा मिनिटं उभं राहून बघावं, आणि घाईच्या दिवशी बघावं. सवय खरी घाईतच दिसते. ज्याने थोडक्यात टळलेला प्रसंग स्वतःहून येऊन सांगितला, त्याचे मार्क त्यासाठी कापू नका. कापले, तर पुढचा प्रसंग तुम्हाला कोणी सांगणार नाही.

चौथा रकाना मी सर्वांत शेवटी घेते, कारण त्यात सुपरवायझरला स्वतःकडे बघावं लागतं. त्याच्या शिफ्टमध्ये एक बाई आहेत. त्यांना तयारीचा एकच मार्क होता, कारण त्या पाळीनंतर थांबत नाहीत. मी त्याला मोबाइल काढून सहा महिन्यांत कोणाकोणाला "येशील का" विचारलं ते मोजायला सांगितलं. 31 वेळा विचारलं होतं. त्यांतल्या 27 वेळा दोनच पोरांना. बाईंना एकदाच, तेही पाळी संपायला वीस मिनिटं असताना. त्यांची शेवटची बस सुटली असती. उरलेल्या अकरा-बारा जणांपैकी बहुतेकांना कधी विचारलंच नव्हतं. रकान्यात त्यांची तयारी मोजली गेलीच नाही. मोजली गेली ती सुपरवायझरची फोन करायची सवय.

यावर आम्ही जे ठरवलं ते मी इतरांनाही सांगते. पाळीच्या आत दुसऱ्या भागात जाणं आणि पाळीनंतर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्क फक्त पहिलीला. थांबण्यासाठी दुप्पट दराने ओव्हरटाइम असतो. त्याचे पुन्हा मार्क लावले, तर ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे ते कायम मागे पडतील. विचारायची पाळी सर्वांवर फिरती ठेवायची. आणि वेळेवर स्पष्ट "नाही" म्हणणाऱ्याचे मार्क कापायचे नाहीत. "हो" म्हणून न येणारा शिफ्टला जास्त महागात पडतो. बाईंना विचारल्यावर त्या पाळीच्या आत वरच्या मजल्यावर जायला लगेच तयार झाल्या. त्यांचा एकाचा चार झाला.

त्या पोराला पाच राहिले. पण त्याला सतत "हो" का म्हणावं लागतं, हेही विचारून घ्या, असं मी सुपरवायझरला सांगितलं होतं. ठेकेदाराकडचा पोरगा. नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात नाव वगळतील, ही भीती त्याच्या "हो"मागे होती. ती भीती सुपरवायझरच्या सहीने जाणारी नाही. मीही तसं खोटं आश्वासन दिलं नाही. भागवार वेग मोजण्याची मागणीही ऑफिसने या वेळी मान्य केली नाही. पण शेऱ्याची चौकट भरलेली असल्याने वेगाचे चार मार्क मात्र त्यांनी कायम ठेवले.

सहीच्या आदल्या दिवशी सुपरवायझरचा फोन आला. पोराला समोर बसवून कागद वाचून दाखवला, म्हणाला. सुरक्षेचे दोन ऐकून पोरगा रागावेल असं त्याला वाटलं होतं.

"मग?"

"म्हणाला, साहेब, वरच्या मजल्यावर शिडी आहेच कुठे? एकच आहे, ती खाली पॅकिंगजवळ. आणायला गेलं की सहा-सात मिनिटं जातात, आणि तेवढ्यात माझा वेग पडतो."

"आणि तुम्ही?"

"दुसरी शिडी मागवलीय. येईपर्यंत खालचीच वर नेऊन ठेवलीय, चौथ्या गल्लीच्या तोंडाशी. पॅकिंगवाले ओरडतायत."