तेलघाण्याच्या ‘आमच्याबद्दल’ पानावर नेमकं काय लिहावं?

प्रश्न: आमचा बार्शीत लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा स्टार्टअप आहे. वेबसाइटवर लिहिलंय, ‘शुद्धतेच्या ध्यासातून निरोगी भारत घडवण्याचं स्वप्न घेऊन आम्ही निघालो.’ वाचून कुणाला काही कळत नाही. खरं असं घडलं: 2021 च्या दिवाळीत ओळखीच्यांना 40 लिटर शेंगदाणा तेल विकलं, त्यातलं 11 लिटर फेसाळतं म्हणून परत आलं. मग तेल निवळू द्यायला लागलो. हे लिहायचं कसं?

उत्तर: सुरुवात त्या परत आलेल्या 11 लिटरपासूनच करा. घाण्याचं तेल घेणाऱ्याला फेसाची धास्ती असतेच, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे.

आधी ‘ध्यास’, ‘स्वप्न’, ‘निरोगी भारत’ हे शब्द खोडा. त्या प्रत्येकाच्या जागी कुणी काय केलं ते लिहा. तारखा आठवणीवर सोडू नका. घाण्याचं बिल आणि ग्राहकांचे व्हॉट्सॲप मेसेज काढून बसा, क्रम आपोआप लागतो. मजकूर साधारण असा होईल:

‘2021 च्या दिवाळीत आम्ही ओळखीच्या घरांत 40 लिटर शेंगदाणा तेल दिलं. 11 लिटर परत आलं, कारण कढईत ते फेसाळत होतं. घाण्यातून निघालेलं तेल आम्ही लगेच बाटलीत भरत होतो, त्यामुळे पेंडीचा बारीक गाळ आणि थोडा ओलावा त्यात राहत होता. आता तेल चार दिवस स्टीलच्या टाकीत स्थिर ठेवतो, वरचं निवळलेलं तेल काढतो आणि कापडातून गाळूनच भरतो.’

यात ‘चार दिवस’ माझे आहेत, तुम्ही खरंच जितके दिवस ठेवता तेवढेच लिहा. थंडीत तेल घट्ट होतं आणि गाळ सावकाश बसतो. म्हणून हिवाळ्यात जास्त दिवस ठेवत असाल तर तेही सांगा. असा तपशील प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच सुचतो, त्यामुळे वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

पुढचा परिच्छेद दराचा. ‘दर्जाशी तडजोड नाही’ या वाक्याऐवजी हिशेब मांडा: लाकडी घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात आणि दीड किलोच्या आसपास पेंड उरते. ती पेंड कुणाला विकता, हेही लिहा. तुमचा उतारा वेगळा असेल तर तुमच्या वहीतला आकडा घाला. दर का जास्त, हे मग वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

लिहिताना एक चूक हमखास होते: अडचण सांगून झाली की माणूस लगेच ‘आणि मग आम्ही मागे वळून पाहिलं नाही’ असं लिहून मोकळा होतो. तसं करू नका. अजूनही बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसत असेल, तर तो कशाचा आणि बाटली कशी ठेवायची हे तिथेच सांगा.

‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’, ‘पारंपरिक’ हे शब्द मात्र जपून वापरा. एफएसएसएआयच्या जाहिरात आणि दाव्यांबाबतच्या 2018 च्या नियमांत त्यांना अटी आहेत. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ तर नकोच, कारण कुठल्याही वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच, त्यात तुमच्या घाण्याचं वेगळेपण काही नाही.