पेशी झोपलीये की म्हातारी झालीये?

माझ्या डिशमधल्या फायब्रोब्लास्ट वाढायच्या थांबल्यात. क्वायसेंट की सेनेसंट, कसं ओळखू?

डिशमधून सोडवून दुसरीकडे विरळ पेरा आणि १०% सीरम द्या. क्वायसेंट पेशी नुसती झोपलेली असते. सीरम मिळालं की साधारण दिवसभरात ती डीएनएची नक्कल करायला लागते. माध्यमात ईडीयू, म्हणजे नव्या डीएनएत शिरणारा रेणू, घालून दोन दिवस ठेवलं, तर तिचं केंद्रक रंगवल्यावर चमकतं.

सेनेसंट, म्हणजे म्हातारी झालेल्या, पेशीचं तसं होत नाही. तिला वाढीचे संकेत पोचतात, म्हणून ती थालीपीठासारखी पसरते, आजूबाजूला दाहकारक प्रथिनं सोडते. पण पी१६ आणि पी२१ ही प्रथिनं ब्रेक दाबून धरतात, त्यामुळे विभाजन होत नाही. क्वायसेंट मात्र लहान, सडपातळ राहते.

केआय-६७ या विभाजन होणाऱ्या पेशींतल्या प्रथिनावर विसंबू नका, ते दोन्हींत नसतं. सेनेसंट पेशी ओळखायला पीएच ६ ला एक्स-गॅल टाकून आणलेला निळा रंगही फसवतो: खूप दिवस गच्च भरून ठेवलेली डिश सेनेसंट नसतानाही निळी होते. मी एकदा अशी डिश बघून अख्खा साठा फेकला होता! म्हणून रंग विरळ पेरलेल्या पेशींवरच बघा, शेजारी कमी पॅसेजच्या, म्हणजे कमी वेळा नव्या डिशमध्ये पेरलेल्या, पेशी तुलनेला ठेवा.