दुसऱ्या शिलाई मशीनसाठी मामांना पत्र लिहिताना

ताई, "मशीन घ्यायची आहे, मदत करा" एवढ्यावर थांबू नकोस. दुसरी मशीन इंटरलॉकचीच का, ते आधी लिही. आत्ता महिन्याला शंभरेक कपडे इंटरलॉकला बाहेर देतेस. नगाला १० रुपये धरले तर १,००० रुपये जातात. दोरा आणि विजेचे २०० वजा कर, उरलेले ८०० हाच तुझा हप्ता. मामांकडून मशीनसाठी उसने घ्यायचे १२,००० रुपये १५ महिन्यांत फिटतात. मोटर आणि टेबल धरून दुकानदाराचं कोटेशन जोड, नाहीतर मागाहून पुन्हा हात पसरावा लागतो. पितृपक्षात काम मंदावतं, म्हणून त्या महिन्यात ४०० आणि दिवाळीच्या महिन्यात १,२०० देईन, हेही आत्ताच लिही. प्रत्येक हप्ता वहीत मांडून मामांची सही घे.